त्या फोटोतले कान

"माझे आजोबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही म्हणून मी आत्ताच्या फोटोवरून एआयवर एक बनवला आणि त्यांना दाखवला. तेव्हापासून ते मोबाईल हातात घेऊन बसून राहतात, कधी म्हणतात हा मी नाहीच, कधी डोळे पुसतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल का? फोटो डिलीट करून टाकू का?"

लगेच डिलीट करू नका. आधी आजोबांना एक साधा प्रश्न विचारा, "हा तुम्ही नाही, तर मग कोण आहे?" आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका. हे इतक्या ठामपणे का सांगतेय ते माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

कोल्हापूरजवळच्या एका गावातलं घर. आजोबा ७९ वर्षांचे, तरुणपणी शहरातल्या एका तालमीत राहून कुस्ती केलेले. नात इंजिनिअरिंगला. तिनं आजोबांच्या वाढदिवसाला सरप्राईज म्हणून फोटो बनवला. आजोबांचा एकच चांगला फोटो तिच्याकडे होता, चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तो अपलोड करून तिनं लिहिलं की यांना बावीस वर्षांचा कोल्हापूरचा पैलवान कर. दहा-पंधरा सेकंदात आला पण फोटो. लाल माती, लंगोट, पिळदार मिशी, मागं खासबागसारखं गर्दीनं भरलेलं मैदान. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी भारी भारी म्हटलं, आणि आजोबा बघून नुसतेच गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंधारात तिचा मोबाईल घेऊन बसलेले तिला दिसले. विचारलं तर म्हणाले, "ह्यो मी न्हवं." आठवडाभर हेच चाललं, मग घरात डिमेन्शिया हा शब्द कुणीतरी काढला आणि पोरगी घाबरली. माझ्यासमोर बसल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, माझ्यामुळं झालं का हे?"

पहिल्या भेटीत माझंच एक चुकलं. घरच्यांची काळजी ऐकून मी गप्पा न मारता सरळ कागद-पेन पुढं केलं आणि घड्याळ काढायला सांगितलं. ही आमची नेहमीची छोटी चाचणी आहे, गोल काढायचा, आकडे भरायचे आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. स्मरणशक्तीचा आणि विचार जुळवण्याचा गोंधळ असेल तर आकडे एका बाजूला गोळा होतात, किंवा दहा मिनिटांसाठी काटा दोनवर जायच्या ऐवजी दहावर जातो. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला येडा समजतासा व्हय?" मी माफी मागितली आणि कशासाठी विचारतेय ते नीट सांगितलं, तेव्हा त्यांनी घड्याळ काढलं. हात थरथरत होता पण काटे बरोबर अकरावर आणि दोनवर. वार, महिना, आदल्या दिवशी कुठल्या शेतात पाणी सोडलं, कोल्हापूरला येताना एसटीचं तिकीट किती पडलं, सगळं बरोबर.

मग मी फोटो मागितला आणि विचारलं, आजोबा, तुम्ही म्हणताय हा मी नाही, कशावरून?

त्यांनी मोबाईल माझ्याकडं केला आणि बोट फोटोतल्या कानावर ठेवलं. "ह्यो कान बगा." मग टोपी काढून स्वतःचा कान दाखवला. दोन्ही कान मोडलेले, वरची पाळी आत मुडपून गाठ झालेली, मुठीत चुरगळलेल्या कागदासारखी. आपल्याकडं कान बघून पैलवान ओळखतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. जोडीदाराच्या डोक्याशी, मातीशी घासून कानाच्या कूर्चेवर रक्त साकळतं, कूर्चेला मिळणारं पोषण तुटतं, ती मरते आणि तिथं कडक गाठ धरते. एकदा धरली की कान पुन्हा सरळ होत नाही. आजोबा म्हणाले, "माजे कान एकुनिसाव्या वर्षी मोडलेत. बावीसचा मी म्हंजे कान मोडलेलाच असनार की." आणि फोटोतल्या पोराचे कान शाळेतल्या पोरासारखे कोरेकरकरीत.

नातीला मी ते दाखवलं तर ती दोन मिनिटं मूळ फोटोच बघत बसली. फेट्यानं दोन्ही कान झाकलेले होते. म्हणजे त्या सॉफ्टवेअरला आजोबांचे कान कधी दिसलेच नव्हते. हे टूल काही आठवत नाही, त्याला शिकवताना दाखवलेल्या कोट्यवधी चित्रांवरून जिथं माहिती नाही तिथं काय असण्याची शक्यता जास्त ते भरतं, आणि तरुण माणसाचे कान म्हटल्यावर जास्त चित्रांत कसे असतात तर सरळ. दातांचंही तेच, मिशीचंही, अंगाचंही. ते शरीर जिममधलं होतं. तालमीतला पैलवान मानेनं आणि मांड्यांनी जाड असतो, पोटावर फरश्या पाडून फिरत नाही.

तर "हा मी नाही" हे वाक्य आजारातून आलं नव्हतं. फोटो चुकला होता आणि ते त्यांनी एकट्यानं ओळखलं होतं.

इथं थांबून तुम्हाला सांगते की मला काळजी कशानं वाटली असती. आजोबा आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याला परका माणूस समजायला लागले असते तर. फोटोतल्या माणसाला जेवायला वाढा, तो उपाशी आहे असं म्हणाले असते तर. तोच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा, रोजच्या गल्लीत वाट चुकणं, पैशाचा हिशेब जमेनासा होणं, कुणीतरी माझ्या वस्तू चोरतंय असं वाटणं, यातलं काहीही असतं तर मी त्यांना त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं, सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा खाजगीत. आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, डिमेन्शियात बऱ्याचदा तरुणपणीचा फोटो ओळखता येतो आणि आत्ताचा चेहरा अनोळखी वाटतो, कारण जुन्या आठवणी सगळ्यात शेवटी पुसल्या जातात. त्यामुळं तरुणपणीचा बनवलेला फोटो नाकारला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तरी वय बघून मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं, कारण यांच्या कमी-जास्तानंही विसराळूपणा आणि उदासी येते. बी-१२ थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, पण पहाटे फोटो घेऊन बसण्याचं कारण ते नव्हतं.

कारण दुसऱ्या भेटीत कळलं. यावेळी मी नातीला बाहेर बसवलं. आजोबांना चहा दिला, फोटो टेबलावर ठेवला आणि वर तुम्हाला सांगितला तोच प्रश्न विचारला. हा तुम्ही नाही, तर कोण?

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीपण नाही. मग म्हणाले, "धाकटा हाय माजा."

दोन वर्षांनी लहान भाऊ. दोघं इतके सारखे दिसायचे की गावातली माणसं हाक मारताना चुकायची, फरक एकच, एकाचे कान मोडलेले आणि एकाचे सरळ. आता बघा, त्या टूलनं आजोबांचाच चेहरा घेतला, तरुण केला आणि कान सरळ केले. नकळत जो तयार झाला तो भाऊ. घरात कुणालाच हे दिसणं शक्य नव्हतं कारण त्या भावाला बघितलेलं घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. तो चोविसाव्या वर्षी मुदतीच्या तापानं गेला, साधारण १९७० च्या आसपासची गोष्ट. लग्न झालेलं नव्हतं. आणि त्याचा एकही फोटो नाही. भिंतीवर आई-वडिलांचा हार घातलेला फोटो आहे, बायकोचा आहे, याचा नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळानंतर त्यांनी भावाचा चेहरा पहिल्यांदा बघितला तो नातीच्या मोबाईलवर, वाढदिवसाच्या दिवशी, सगळे टाळ्या वाजवत असताना. घरच्यांना सांगितलं नाही कारण "म्हातारं बरळायला लागलं म्हनतील."

या दुःखाला आणखी एक गाठ होती आणि ती सुटायला पुढच्या दोन भेटी गेल्या. तालमीतला खुराक काय असतो ते तुम्हाला माहीत असेल, दूध, तूप, बदाम, मटण. शेतकऱ्याच्या घरी दोन पोरांना तो खुराक देणं शक्यच नव्हतं. मोठा तालमीत गेला, धाकट्यानं शाळा सोडली. हंगामात गुऱ्हाळावर कामाला जायचा आणि रोज म्हशीची धार काढून किटलीतनं दूध तालमीत पोचवायचा, सायकल नव्हती तेव्हा चालत. आजोबा म्हणाले, "मला त्यो तांब्या भरून दूध द्यायचा आनि सोता वाटंत कोरा च्या पिऊन माघारी जायाचा. मी त्येच्या वाटनीचं दूध पिऊन पैलवान झालो." ताप चढला तेव्हा जत्रांचा हंगाम होता, हे बाहेरगावी कुस्त्यांना. घरच्यांनी निरोप उशिरा धाडला, पोराचं लक्ष विचलित नको म्हणून. हे पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

ते सांगून झाल्यावर त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. "मॅडम, त्यो माज्याकडं बगतोय त्या फोटूत. रागानं बगतोय का?" मी सांगितलं की आजोबा, फोटोतली नजर मशीननं भरलेली आहे, जसे कान भरले तशी. त्या नजरेत भावाचं काहीही नाही. तो किटली देताना तुमच्याकडं कसा बघायचा ते फक्त तुम्हालाच माहितीय, ते सांगा. त्यावर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, बघायचा कुठला, दूध प्यायच्या आधी दंड चाचपून बघायचा, किती वाढला म्हणून.

माझ्यासाठी या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. शोक दाबलेला असला की माणूस समोरच्या चित्रात स्वतःची अपराधी भावना वाचतो. साधा जुना फोटो असता तर निदान ती नजर खरी असती, त्याच्यावर बोलता आलं असतं. बनवलेल्या फोटोत नजर, हसू, भाव हे कुणाचेच नसतात आणि तरी ते अगदी कुणाचेतरी वाटतात. म्हणून तुमच्या आजोबांनाही हे साध्या भाषेत एकदा सांगा, चेहऱ्यातलं काय तुमच्या फोटोतून आलंय आणि काय मशीननं मनानं घातलंय. तंत्र समजावून सांगायची गरज नाही, जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग काढायचे ते त्या पिढीनं बघितलेलं आहे, तसंच पण फार जास्त, एवढं म्हटलं तरी पुरतं.

मी उदासीनतेची १५ प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची प्रश्नावलीही घेतली होती, त्यात त्यांचे ४ गुण आले, पाच किंवा त्याहून जास्त आले की आम्ही पुढं तपासतो. जेवण व्यवस्थित, शेतावर जाणं सुरू, झोप फक्त पहाटेची मोडलेली. म्हणजे औषधाची गरज नव्हती, बोलायची होती.

मग चौथ्या भेटीच्या शेवटी त्यांनी नातीला आत बोलवून सांगितलं, "त्येचा फोटू कर. नीट कर." पोरगी लगेच तयार. मी तिला थांबवलं, नाही म्हणाले नाही, फक्त क्रम बदलायला सांगितला. आधी आजोबा सांगतील ते सगळं आवाजात रेकॉर्ड करायचं, मग चित्र. याला कारण आहे. २००२ साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या फोटोंत एक खोटा फोटो मिसळून दाखवला, गरम हवेच्या फुग्यात बसलेला. ते कधीच बसले नव्हते. तीन मुलाखतींनंतर २० पैकी १० जणांना ती सफर थोडीफार किंवा पूर्ण आठवायला लागली. फोटो आठवणीत शिरतो आणि तिथंच बस्तान मांडतो. आणि इथं तर आठवण एकाच माणसाच्या डोक्यात उरलेली, दुसरी प्रत नाही.

तीन रविवार आजोबा बोलले, नातीनं रेकॉर्ड केलं. मी तिला एवढंच सांगितलं होतं की काय असेल ते त्यांना सांगू दे, तू सुचवू नकोस, "डोळे मोठे होते का" असं विचारू नकोस, "डोळे कसे होते" असं विचार. त्यात निघालं की डाव्या भुवईत विळा लागलेली खूण होती, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, हातांवर गरम काकवी उडून पडलेले पांढरे ठिपके, आणि बोलताना तो मान एका बाजूला टाकायचा.

मग चित्रं. पहिलं आलं त्यात दात सरळ आणि पांढरेशुभ्र, आजोबा म्हणाले एवढं पांढरं दात आमच्या गावात कुनाचंच न्हवतं. दुसऱ्यात खूण भुवईत यायच्या ऐवजी गालावर. तिसऱ्यात भुवईत आली पण उजव्या. चौथ्यातही उजव्या. आणि चौथं चित्र बघता बघता आजोबा अडखळले. "उजव्याच भुवईला व्हती का रं? का डाव्या?" नात मला नंतर सांगत होती की तिच्या पोटात गोळा आला. तिनं रेकॉर्डिंग लावलं, त्यात त्यांचाच आवाज, डाव्या, डाव्या हातानं दाखवून सांगितलेलं, विळा कसा निसटला ते पण. आजोबांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "बास कर बाई आता." ती चारही चित्रं दोघांनी मिळून डिलीट केली.

म्हणून डिलीटबद्दल माझं म्हणणं असं, ते तुम्ही एकट्यानं, आजोबांच्या नकळत करू नका. ज्या फोटोकडे माणूस रात्री उठून बघतो तो अचानक नाहीसा झाला तर ते दुसऱ्यांदा हिरावून घेतल्यासारखं होतं, आणि नंतर ते तुमच्यापाशी काही बोलणारही नाहीत. आजोबांना विचारा, ते सांगतील तसं करा. आणि नवीन चित्रं बनवण्याचा सपाटा मात्र आत्ता थांबवा. फोटोमुळं झोप सलग दोन आठवडे मोडली, जेवण कमी झालं किंवा ते जगण्याला कंटाळल्यासारखं बोलले, तर वाट न बघता तज्ज्ञाला दाखवा.

त्या घरात पहिला फोटो, वाढदिवसाचा, आजोबांनी ठेवून घेतला. फोटोच्या दुकानात प्रिंट काढली. मी नातीला सांगितलं होतं की मागच्या बाजूला लिहून ठेव, उद्या तुझ्या पोरांना हा खरा फोटो वाटायला नको. तिनं बॉलपेननं लिहिलं, "चुलतभावाच्या लग्नातल्या आजोबांच्या फेट्याच्या फोटोवरून मोबाईलवर बनवलेला, खरा नाही," खाली तारीख. आजोबांनी ते वाचून पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात भावाचं नाव लिहिलं, आणि कंसात, "कानावरून."

सर्वपित्री अमावस्येला नातीचा फोन आला. दरवर्षी आई-वडिलांच्या फोटोपुढं पान वाढतात, यंदा त्या प्रिंटपुढंही वाढलं. आजोबा पहाटे स्वतः गोठ्यात गेले होते, या वयात, धार काढायला. तांब्या भरून आणला आणि फोटोपुढं ठेवला, आणि सुनेनं नेहमीप्रमाणं त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला तेव्हा म्हणाले, मला आज कोरा च्या दे.